दिवेलागणीनंतरची गाणी

संध्याकाळची गाणी आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाची गाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थकून घरी आल्यावर एकट्यासाठी काहीतरी शिजवायचं असतं, म्हणून माणूस मोबाइलवर संध्याकाळची मराठी गाणी शोधतो. पहिल्या चार-पाचांत बहुतेक वेळा ‘या चिमण्यांनो’ येतं. गदिमांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल आणि लताबाईंचा आवाज, ‘जिव्हाळा’ या चित्रपटातलं. गाणं इतकं सुंदर आहे की ते बदलावंसं वाटत नाही. पण दुसऱ्या कडव्यापर्यंत हातातली सुरी थांबलेली असते, कांदा अर्धाच चिरून पडलेला असतो आणि घर एकदम रिकामं वाटायला लागतं. अंधार पडत असताना बाहेर राहिलेल्या पोरांना घरी बोलावणाऱ्या आईचं ते गाणं आहे. ज्याच्या घरी आज कुणी यायचं नाही, त्याला ते ऐकवणं बरं नव्हे.

याचं कारण फक्त शब्दांत नाही, सुरांतही आहे. हे गाणं पूरिया धनाश्रीवर बांधलेलं आहे. पूरिया धनाश्री, मारवा, पूरिया, श्री हे सगळे संधिप्रकाशातले राग, म्हणजे सूर्य बुडत असतानाचे. त्यांत रिषभ कोमल आणि मध्यम तीव्र असतो, आणि ही जोडी कानाला स्वस्थ बसू देत नाही. मारव्यात हे सगळ्यात स्पष्ट कळतं. त्यात पंचम नाहीच, आणि षड्ज, म्हणजे जिथं येऊन प्रत्येक गाणं विसावतं तो सूर, गायक मुद्दाम टाळत राहतो. तो कोमल रिषभावर आणि धैवतावर रेंगाळतो, घराच्या उंबऱ्यापर्यंत येतो आणि आत न शिरता परत फिरतो. कातरवेळेची हुरहुर आपल्या संगीतकारांनी अशी नेमकी सुरांत पकडली आहे. मैफलीत ती हवीच. पण दिवसभराच्या धावपळीनंतर ओट्यापाशी एकटं उभं असताना ती हुरहुर आपल्याकडे आधीच भरपूर असते.

म्हणून माझा पहिला नियम असा, की स्वयंपाकाला गाणी लावायची ती सूर्यास्ताची नाहीत, दिवे लागून गेल्यानंतरची. संगीताच्या परंपरेत दिवे लागल्यानंतरच्या पहिल्या प्रहराचा राजा यमन. यमनातही तीव्र मध्यम आहे, पण बाकीचे सगळे सूर शुद्ध. रिषभ शुद्ध झाला की उजेड पडल्यासारखं वाटतं. ‘तोच चंद्रमा नभात’ हे त्याचं उत्तम उदाहरण. शांता शेळक्यांनी ते एका जुन्या संस्कृत श्लोकाच्या कल्पनेवरून लिहिलं आणि सुधीर फडक्यांनी यमनाच्या अंगानं त्याला चाल लावून स्वतः गायलं. शब्द बघितले तर गाणं दुःखाचंच आहे. चंद्र तोच, रात्र तीच, माणसंही तीच, फक्त पूर्वीची ओढ उरलेली नाही. तरी ते ऐकून मन खचत नाही, कारण चाल प्रत्येक ओळीनंतर शांतपणे आपल्या जागी येऊन बसते. जे गेलं ते गेलं, असं ती मान्य करते आणि पुढच्या ओळीला लागते. थकलेल्या माणसाला खोट्या आनंदाच्या गाण्यापेक्षा हे मान्य करणं जास्त आधार देतं, असं मला ठामपणे वाटतं.

रागाच्या वेळांना शास्त्राचा नियम समजू नये. ती परंपरेनं लागलेली सवय आहे, आणि ज्याच्या कानावर लहानपणी ती पडली नाही त्याला मारवा दुपारीही गोड लागेल. पण गाणं निवडताना एक साधी परीक्षा करून बघता येते. ध्रुपद संपल्यावर मनात ‘झालं’ असं वाटतं की ‘मग?’ असं वाटतं? ज्यानं ‘झालं’ वाटतं ते ओट्यापाशी चालेल. ज्यानं ‘मग?’ वाटतं ते जेवण झाल्यावर, खिडकीपाशी बसून ऐकावं.

दुसरी गोष्ट गाण्याच्या बांधणीची. स्वयंपाक करताना आपण सलग ऐकत नाही. नळ सोडला की चार शब्द जातात, फोडणीत एक ओळ बुडते, फ्रिजमध्ये कोथिंबीर शोधताना अर्धं कडवं निसटतं. काही प्रकारची गाणी हे सहन करू शकत नाहीत. गझल घ्या. शेराची पहिली ओळ उत्सुकता तयार करते आणि सगळा अर्थ दुसऱ्या ओळीच्या शेवटी उलगडतो. नेमक्या त्या क्षणी मोहरी तडतडली की शेर गेला. पुढचा शेर वेगळाच विषय घेऊन येतो, त्यामुळे हुकलेलं परत मिळत नाही. ख्यालाचं दुखणं उलट आहे. विलंबित ख्याल तुकड्यातुकड्यांनी ऐकला तर हाती काही लागत नाही, आणि नीट ऐकायला लागलो तर भात करपतो.

भावगीताला मात्र ही अडचण येत नाही, कारण त्याची घडणच वेगळी आहे. गोविंद नारायण जोशी, म्हणजे जी. एन. जोशी, यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ना. घ. देशपांड्यांची कविता तबकडीवर गायली आणि मराठी भावगीताचं युग सुरू झालं. ती तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेणारी. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांपलीकडे काही मावत नसे. त्यामुळे ध्रुपद, दोन-तीन कडवी, मध्ये थोडं वाद्यसंगीत आणि प्रत्येक कडव्यानंतर पुन्हा ध्रुपद, असा आटोपशीर साचा ठरून गेला. तंत्राच्या मर्यादेतून आलेला हा साचा पुढे गजाननराव वाटव्यांनी मैफलींतून घराघरांत नेला आणि आकाशवाणीनं पक्का केला. स्वयंपाकघरात त्याचा फायदा असा, की काही हुकलं तरी अर्ध्या-पाऊण मिनिटात ध्रुपद परत येतं आणि आपल्याला पुन्हा गाण्यात घेतं. अभंगातही हेच होतं. तिथं धृपद टाळकरी धरून ठेवतात, आणि मधूनच येऊन बसणारा माणूस लगेच सामील होतो.

इथं थोडं मागं जायला हवं. आपल्याकडे बायकांच्या कामाची खरी गाणी म्हणजे जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हॅं यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेर आहे, विठ्ठल आहे, भाऊ आहे, सासरचा जाच आहे. पण ओवी पहाटेची. दळण उजाडायच्या आधी व्हायचं, आणि जात्याच्या फेऱ्यात हाताला एक सारखी लय मिळायची. संध्याकाळच्या स्वयंपाकात तशी सारखी लय नसते. चिरणं, परतणं, ढवळणं, वाट बघणं, सगळं तुटक. म्हणूनच बहुधा या वेळेला जात्यासारखी हक्काची गाणी मिळाली नाहीत, आणि स्वयंपाकघरात रेडिओ आला तेव्हा ती रिकामी जागा भावगीतानं घेतली.

आता प्रत्यक्ष एक रात्र घेऊ. एका माणसासाठी मुगाच्या डाळीची मऊ खिचडी. अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ, तीन वाट्या पाणी. डाळ-तांदूळ धुऊन वीस मिनिटं भिजत ठेवले की खिचडी मऊ होते. भिजवल्याशिवायही चालतं, पण ही वीस मिनिटं मला तांदळापेक्षा स्वतःसाठी हवी असतात. चार-साडेचार मिनिटांचं एक, अशी चार-पाच गाणी त्यात बसतात.

या पहिल्या गाण्यांत नवीन काही लावू नये. दिवसभर डोक्यानं नवीन पुरेसं ऐकलेलं असतं. पाठ असलेलं गाणं हवं, ज्याचं पुढचं वळण कानाला आधीच माहीत आहे. माझी सुरुवात सुमन कल्याणपुरांपासून होते. ‘केतकीच्या बनी’, अशोक जी. परांजप्यांचे शब्द, अशोक पत्कींची चाल. सुमनताईंचा आवाज कधी अंगावर येत नाही. त्या वरच्या सुरावरही आवाज न वाढवता जातात, आणि कांदा, बटाटा, दोन लसूण पाकळ्या चिरणाऱ्या हाताला कसली घाई सुचवत नाहीत. लागोपाठ त्यांचंच ‘केशवा माधवा’ लावलं तर केरव्याच्या ठेक्यावर सुरी आपोआप चालते. हात गाण्याच्या लयीनं चालतात, ही गोष्ट गंभीरपणे घ्यावी. द्रुत ठेक्याच्या गाण्यावर चिरलेला कांदा जाडाभरडा होतो आणि बोटही धोक्यात येतं. शंका असली तर घड्याळ लावून पंधरा सेकंदांत आपण ठेक्यावर किती वेळा बोट आपटतो ते मोजावं. वीसपर्यंत आकडा आला तर गाणं सुरीच्या कामाला ठीक. तीसच्या पुढं गेला तर ते भांडी घासताना लावावं.

मग फोडणी. कुकरमध्ये दोन चमचे तूप, जिरं, हिंग, लसूण, कढीपत्ता, हळद, कांदा, बटाटा. हे दोन-तीन मिनिटं कुठलंच गाणं नीट ऐकू येत नाही, आणि येऊही नये. फोडणीचा स्वतःचा आवाज असतो आणि तोच ऐकायचा असतो. जिऱ्याचा तडतडाट मंदावला की लसूण टाकायची. कांद्याचा ओलसर चरचराट कमी होऊन कोरडा व्हायला लागला की तो परतला गेला, आता उशीर केला तर लागेल. गाणं या आवाजांच्या वर असेल तर डोळ्यांवर आणि नाकावर सगळा भार येतो, आणि वास येतो तेव्हा बऱ्याचदा वेळ गेलेली असते. म्हणून आवाज इतकाच ठेवावा, की ओट्यापाशी उभं राहिल्यावर मंद आचेवरची चरचर गाण्याच्या आडूनही कळेल.

डाळ-तांदूळ, पाणी, मीठ घालून झाकण लावलं की हात मोकळे होतात. पहिली शिट्टी व्हायला साधारण सहा-सात मिनिटं जातात. इथं मी अरुण दात्यांकडे येतो. ‘शुक्रतारा’ हे गाणं साठच्या दशकाच्या सुरुवातीला आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून लोकांपर्यंत गेलं. मंगेश पाडगावकर, श्रीनिवास खळे, आणि गायला अरुण दाते व सुधा मल्होत्रा. दाते इंदूरचे, शिक्षणानं वस्त्रोद्योगातले अभियंते. त्यांच्या गाण्यात पट्टीच्या गवयाचा आव नाही. शेजारच्या खुर्चीत बसून एखादा समंजस माणूस बोलतो तसे ते गातात. एकट्या घरात ही गोष्ट फार मोलाची. सभागृह भरून टाकणारा आवाज रिकाम्या घरात घर आणखी मोठं करतो, आणि जवळून बोलणारा आवाज ते बेताचं करतो.

शिट्ट्या मोजण्यात मात्र गाणं हमखास घोळ घालतं. दुसरी झाली की तिसरी, हे कडव्याच्या नादात कळत नाही आणि खिचडीची पेज होते. यावर उपाय सोपा आहे. पहिली शिट्टी झाली की गॅस अगदी बारीक करायचा आणि चार-पाच मिनिटांचं एक गाणं पूर्ण होऊ द्यायचं. गाणं संपलं की गॅस बंद. पाऊण वाटी डाळ-तांदळाला एवढं पुरतं, आणि मोजायचं काहीच उरत नाही.

आता वाफ आपोआप जिरायला दहाएक मिनिटं. शिट्टी उचकटून वाफ काढायची घाई करू नये. पातळ खिचडी उसळून झाकणातून बाहेर येते आणि हात भाजतो. याच वेळात माझ्याकडे एक लांब गाणं राखलेलं असतं, ‘पराधीन आहे जगती’. गीतरामायण १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालं आणि वर्षभर दर आठवड्याला एक, अशी छप्पन्न गीतं झाली. रेडिओला तबकडीच्या तीन मिनिटांचं बंधन नव्हतं, म्हणून गदिमांनी या गीताला भरपूर कडवी दिली आणि बाबूजींनी यमनकल्याणाच्या अंगानं ती एकाच शांत चालीवर तोलून धरली. राम भरताची समजूत घालतो आहे. तो रागावत नाही, हुकूम सोडत नाही, पुन्हा पुन्हा वेगळ्या दृष्टान्तानं तेच सांगतो. दिवसभर लोकांच्या मागण्या आणि तातडीचे निरोप ऐकलेल्या कानांना कुणीतरी इतक्या सावकाश काही समजावून सांगतंय, याचंच आधी बरं वाटतं. तोवर पापड भाजून होतो, ताकाला जिरेपूड लागते आणि कुकरचं झाकण हलकं होतं.

आवाज कुठून येतो, याचाही विचार करावा लागतो. आपल्या स्वयंपाकघरात भिंतीला टाइल, ओट्याला दगड, सगळीकडे स्टीलची भांडी. हे सगळं आवाज परतवतं, म्हणून मोबाइलचा छोटा स्पीकर तिथं कर्कश लागतो. आवाज मोठा व्हावा म्हणून मोबाइल पातेल्यात ठेवायची युक्ती पुष्कळ जण करतात, पण त्यानं शब्द घुमतात आणि भावगीतात शब्द गेले तर राहिलं काय? ओट्यावर वाफ आणि तेल उडतं ते वेगळंच. दाराबाहेर, कपडे-पडदे असलेल्या खोलीत, कानाच्या उंचीवर स्पीकर ठेवला तर तोच आवाज निम्म्यानं मऊ होऊन आत येतो. धूर काढणाऱ्या पंख्याचाही सतत घरघराट असतो, आणि पुरुषाचा खालच्या पट्टीतला हळू आवाज त्यात पार बुडतो. दात्यांचं गाणं ऐकू येईना म्हणून आपण आवाज वाढवतो, पंखा बंद केला की तेच गाणं ओरडायला लागतं. त्यापेक्षा फोडणी झाली की पंखा बंद करावा. कुकरची वाफ फुसफुसते तेव्हा वेगळं घडतं. त्या आवाजात ‘स’, ‘श’, ‘च’ हे वर्ण विरून जातात, सूर मात्र तरून येतो. म्हणून त्या वेळी पाठ असलेलं गाणंच लावावं. गेलेले वर्ण कान स्वतः भरून काढतो.

आणखी एक सावधगिरी घ्यावी लागते. ॲपवर गाणी सुरू केली की आपली यादी संपल्यावर ते स्वतःच्या मनानं पुढची लावतं. दात्यांनंतर एकदम ढोलताशांचं गाणं सुरू झालं की तासाभरात जमवलेला निवांतपणा एका क्षणात जातो. तेव्हा ती आपोआप पुढं जाण्याची सोय बंद करावी, आणि दहा-बारा गाण्यांची आपली यादी मोबाइलवर उतरवून ठेवावी. त्यापेक्षा जास्त नको. यादी मोठी झाली की निवडण्यातच वेळ जातो, आणि संध्याकाळी सगळ्यात जास्त थकवा येतो तो निवडण्याचाच.

पावसाळ्यात यादीत फरक करावा लागतो. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत असताना हळू आवाजाची गाणी टिकत नाहीत. तिथं सुमनताईंचं ‘रिमझिम झरती श्रावणधारा’ चांगलं चालतं, कारण त्यांचा आवाज पावसाच्या गाजेवर सहज तरतो. पण उदास वाटत असेल त्या दिवशी तेही टाळावं. ते वाट बघण्याचं गाणं आहे.

भाकरीचं गणित मात्र सगळ्यांत वेगळं. खिचडीत हात मोकळे राहतात, भाकरीत दोन्ही हात गुंततात आणि परातीवर थापण्याचा स्वतःचा ठेका असतो. त्या ठेक्याशी सहा मात्रांचा दादरा भांडतो. डोलायला लावणारी लय आणि सारख्या हातानं थापण्याची लय जुळत नाही. आठ मात्रांचा भजनी ठेका मात्र लगेच जुळतो, म्हणून भाकरीला मी अभंगच लावतो. भीमसेनांचा अभंग लावला तर एक लक्षात ठेवायचं. नामगजराकडे जाताना त्यांची लय चढत जाते, आणि तिच्याबरोबर थापणारा हातही जोरात पडायला लागतो. भाकरीच्या कडा चिरल्या, मध्येच पातळ झाली, की समजावं हात अभंगाच्या मागं गेला. अशा वेळी माणिक वर्मांचा ‘अमृताहुनी गोड’ लावावा. त्यांची लय पहिल्यापासून शेवटपर्यंत जागची हलत नाही, आणि ज्वारीची भाकरी गोल येते.